नातवंडाची पहिली संक्रांत: नाशिकहून शुभेच्छापत्र आणि हलव्याचे दागिने पाठवताना

बारसं होऊन जातं, घुगऱ्या वाटून होतात, आणि डिसेंबर लागला की नव्या आजी-आजोबांपुढे प्रश्न येतो: बाळाची पहिली संक्रांत आहे, आपण काय पाठवायचं? मेन रोडवर हलव्याचे दागिने टांगलेले दिसायला लागतात, मैत्रिणी दहा सल्ले देतात, आणि पत्र लिहायला बसलं की 'तिळगूळ घ्या, गोड बोला' याच्या पुढे पेन सरकत नाही.

आम्ही दोघं नाशिकला, इंदिरानगरात. मुलगी-जावई ठाण्याला. २०२६ च्या संक्रांतीला नात पाच महिन्यांची होती. त्या निमित्ताने जे जमवलं ते क्रमाने लिहिते आहे. तुमचं नातवंड ठाण्याऐवजी पुण्याला किंवा हैदराबादला असेल तरी पायऱ्या याच. मुलाचे आई-वडील असाल तर काही ठिकाणी बाजू उलटी करून वाचा.

हाताशी काय लागेल

- त्या वर्षाचं कॅलेंडर, तिथी दाखवणारं
- बाळाच्या डोक्याचं आणि मनगटाचं माप (मुलीकडून मागवा, अंदाजाने धरू नका)
- काळं सुती झबलं, बाळाच्या आत्ताच्या मापापेक्षा एक माप मोठं
- तिळाचा पांढरा हलवा पाव किलो, पांढरं फेल्ट किंवा जाड सुती कापड, मलमलचा तुकडा, दोरा, वेल्क्रोची पट्टी
- रेघा नसलेले चांगले कागद, दोन पाकिटं, न पसरणाऱ्या शाईचं पेन
- घट्ट झाकणाचा डबा, बटर पेपर, टिश्यू

तयार दागिने घेणार असाल तर चौथी ओळ सोडून द्या. तिसऱ्या पायरीतली परीक्षा मात्र सोडू नका.

१. आधी दिवस बघा

संक्रांत हा आपल्या सणांमधला सूर्यावर चालणारा सण, म्हणून तो इंग्रजी तारखेला चिकटून असतो. १४ जानेवारी, कधी कधी १५. २०२४ मध्ये १५ ला होता, २०२५ आणि २०२६ मध्ये १४ ला. बाळाचं बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. गोंधळ इथे होतो. रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, ती चंद्रावर चालते, त्यामुळे दर वर्षी मागेपुढे होते. २०२४ मध्ये ती १६ फेब्रुवारीला आली, म्हणजे हाताशी महिना होता. २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच आली. 'अजून वेळ आहे' म्हणत बसलो असतो तर बोरन्हाण राहूनच गेलं असतं.

आमचा हिशोब असा झाला. १४ जानेवारी बुधवार, जावयांना सुट्टी नाही. १५ ला किंक्रांत, म्हणजे करिदिन, त्या दिवशी शुभकार्य करत नाहीत. पुढचा रविवार १८ तारखेचा. सगळ्यांनी पटकन तोच धरला, पण त्या दिवशी पौष अमावास्या होती. आमच्या घरी अमावास्येचं फार कडक नाही, विहीणबाईंकडे आहे. मग उरला २४ चा शनिवार आणि २५ चा रविवार, खुद्द रथसप्तमीचा. रविवार ठरला.

याचा पत्राशी काय संबंध? संबंध असा की पत्र आणि दागिने हे दोन वेगळ्या दिवसांसाठी असतात. पत्र संक्रांतीच्या सकाळी उघडायचं, दागिने बोरन्हाणाच्या दिवशी घालायचे. दोन्ही एकाच डब्यातून गेले तरी चालतं, पण पाकिटावर 'संक्रांतीला उघडा' आणि दागिन्यांच्या पुडक्यावर 'बोरन्हाणासाठी' असं ठळक लिहा. नाहीतर डबा हातात पडताच सगळं उघडलं जातं.

आणखी एक विचारून घ्यायचं. दोन्हीकडच्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तर काही घरं त्या वर्षी सण करत नाहीत. मुलीला आधीच विचारा. तसं असेल तर पत्र पाठवा, तिळगूळ-दागिने पुढच्या वर्षी. बोरन्हाण पाचव्या वर्षापर्यंत करतात, त्यामुळे काही बिघडत नाही.

२. विहीणबाईंना फोन

हा फोन खरेदीच्या आधी करायचा. बाळ एक आणि आज्या दोन. दोघींनी उत्साहाने काळी झबली घेतली की एक कपाटात पडून राहतं आणि ते कोणाचं, हे दोघींच्याही लक्षात राहतं. बोरन्हाण बहुधा बाळाच्या वडिलांच्या घरी होतं आणि झबलं-दागिने आजोळहून येतात, असं आमच्याकडे चालतं. पण प्रत्येक घराची रीत निराळी असते. मी सरळ विचारलं, "झबलं आणि दागिने आम्ही आणले तर चालेल ना? तुमच्या मनात काही असेल तर सांगा." त्या म्हणाल्या, "दागिने तुम्ही आणा, झबलं मी शिवतेय, सासूबाईंच्या चंद्रकळेतून." पणजीच्या काळ्या साडीचं झबलं! आमच्या दुकानातल्या झबल्याची त्यापुढे काय मिजास? आम्ही झबलं घेतलंच नाही, नुसतं त्याचं माप विचारून घेतलं.

काळ्या रंगाबद्दलही बोलून घ्या. थंडीत काळा रंग ऊब धरतो म्हणून संक्रांतीला तो चालतो, पण काही घरांत तान्ह्या बाळाला काळं घालत नाहीत. त्यांच्याकडे नसेल चालत तर गडद निळं किंवा मरून घ्या आणि विषय संपवा.

३. दागिने: बाळाला टोचणार नाहीत असे

हलवा दिसतो फुलासारखा, पण त्याच्या काट्यावरच त्याचं मोल असतं, आणि तो काटा पाच महिन्यांच्या कातडीला टोचतो. नव्या नवरीचे दागिने आणि बाळाचे दागिने एकाच पद्धतीने करून चालत नाही. दुकानात बाळाचा म्हणून जो संच मिळतो तो बऱ्याचदा नवरीच्या संचाची छोटी आवृत्ती असते.

विकत घेताना चार गोष्टी बघा.

पहिली, हलव्याच्या पोटात काय आहे. हलवा खसखशीचा, तिळाचा, साबुदाण्याचा असतो, तसाच शेंगदाण्याचा, लवंगेचा, भोपळ्याच्या बियांचाही असतो. बाळासाठी तिळाचाच घ्या. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. तिळाएवढा दाणा सुटून तोंडात गेला तर साखर विरघळते. शेंगदाण्याचा गेला तर घशात अडकू शकतो.

दुसरी, रंग. ओल्या बोटाने दाणा चोळून बघा. बोटाला गुलाबी-हिरवं लागलं तर बाळाच्या लाळेनेही लागणार. पांढराच बरा. चमक हवी असेल तर कापडाच्या कडेला जरी लावा, दाण्याला रंग नको.

तिसरी, दाणे बसवले कसे आहेत. दोऱ्याने गाठवलेले टिकतात. पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले प्रवासात सुटतात. वर्तमानपत्रावर धरून दोनदा झटका. चार-पाच दाणे पडले तर समजा की ठाण्यापर्यंत निम्मे पडणार. दुकानदार भुवया उंचावेल, उंचावू द्या.

चौथी, मागची बाजू. टाचण्या, स्टेपलरच्या पिना, तारा, उघडा पुठ्ठा यातलं काही दिसलं तर तो संच ठेवून द्या.

आम्ही घरी केले. हलवा मात्र विकतचा आणला. घरी हलवा करायचा म्हणजे मंद आचेवर परातीत तीळ ठेवून चमच्या-चमच्याने पाक सोडत बोटांनी फिरवत बसायचं. काटा यायला काही दिवस जातात. ज्यांना येतो त्यांनी जरूर करावा. डिसेंबर-जानेवारीची आपली कोरडी थंडी त्याला फार मानवते.

नातीच्या डोक्याचा घेर ४२ सेंटिमीटर निघाला, मनगट ११. त्यावरून केलं ते असं:

मुकुटासाठी फेल्टची डोक्याच्या घेरापेक्षा थोडी लांब पट्टी, पुढे तीन पाकळ्या. मागे नाडीऐवजी वेल्क्रो, कारण बाळाने ओढलं की ते चटकन सुटायला हवं. नाडी सुटत नाही, गुंडाळली जाते.

मनगट्यांना १४ सेंटिमीटरच्या पट्ट्या, त्यालाही वेल्क्रो. इलॅस्टिक नको. ते हातात रुततं, आणि वळ दिसेपर्यंत आपल्याला कळत नाही.

हार केलाच नाही. बाळाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेलं काही घालणं मला पटत नाही, पाच मिनिटं असलं तरी. त्याऐवजी अर्धचंद्रासारखं कापड कापलं, त्यावर तीन पदर दिसतील असा हलवा गाठवला, आणि विहीणबाईंना सांगितलं की हे झबल्याच्या छातीवर कच्च्या टाक्याने टाका. फोटोत तो हारच दिसतो. नंतर टाका उसवला की झबलं धुवायला मोकळं.

दाणा गाठवायची रीत अशी. दोऱ्याचा फास करून दाण्याच्या कमरेत घट्ट ओढायचा. काट्यांमध्ये दोरा आपोआप बसतो. मग सुई कापडातून काढून पुढचा फास. दाण्यातून सुई घालायला गेलात तर दाणा फुटतो. सगळं झालं की मागून मलमलचं अस्तर लावायचं, म्हणजे गाठीही टोचत नाहीत. बाजूबंद, कमरपट्टा, पैंजण वगैरे हौस मी सोडून दिली. पाच महिन्यांचं बाळ तेवढा वेळ शांत बसत नाही.

४. पत्र

आता मुख्य काम. पहिल्या सणाचं पत्र दोघांना जातं, आणि दोघं अगदी वेगळे वाचक आहेत. बाळ आज वाचणार नाही, पंधरा-वीस वर्षांनी वाचेल. आई-वडील आज वाचणार आहेत, तेही अपुऱ्या झोपेत. एकाच कागदावर दोघांना लिहायला गेलं की बाळाशी लाडे लाडे बोलताना मध्येच 'तिला टोपी घालत जा' येतं, आणि ते पत्र ना धड बाळाचं राहतं ना धड मुलीचं. म्हणून दोन कागद, दोन पाकिटं.

बाळाच्या पत्रात आशीर्वाद दोन ओळींत उरकावा. 'मोठी हो, शहाणी हो' हे तिला सगळेच म्हणणार आहेत. उरलेल्या जागेत ते लिहा जे तिला दुसरं कोणी सांगणार नाही: ही थंडी कशी होती, घरात त्या दिवशी काय चाललं होतं, तिची आई या घरात लहान असताना काय करायची. तिळाचा त्या दिवशीचा भाव लिहा. वीस वर्षांनी वाचताना तोच आकडा आधी वाचला जाईल. आजोबांकडून निदान एक वाक्य त्यांच्या हाताने लिहून घ्या. अक्षर कसंही असो. आमच्याकडे "तूच लिही, माझं अक्षर कोण वाचणार" असं झालं, मी पेन हातात दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

तारीख लिहिताना पत्र लिहिलं तो दिवस घाला, संक्रांतीचा नको. पुढची तारीख घालून 'आज संक्रांतीच्या सकाळी' असं लिहिलेलं कृत्रिम होतं, आणि खरं काही सांगता येत नाही. तिथी आणि शकही लिहा. जानेवारीत लिहीत असाल तर शक काढताना इंग्रजी सालातून ७९ वजा करायचे, ७८ नाही, कारण नवा शक पाडव्याला लागतो.

मी लिहिलेलं पत्र खाली देते. आमच्यात नातीला छकुली म्हणतात. तुम्ही खरं नाव लिहा. बारसं व्हायचं असेल तर 'चि. बाळास' एवढं पुरतं.

> ॥ श्री ॥
>
> नाशिक, पौष कृ. १, शके १९४७
> रविवार, ४ जानेवारी २०२६
>
> चि. छकुली हिस,
>
> आजी-आबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. ही तुझी पहिली संक्रांत. तिळगूळ घे, गोड गोड बोल. सध्या तू फोनवर जे बोलतेस त्यात 'अग्गू' आणि 'हूं' एवढे दोनच शब्द आहेत, पण दोन्ही गोड आहेत.
>
> नाशिकला कडाक्याची थंडी पडली आहे. आबा पहाटे रामकुंडापर्यंत फिरायला जातात. आज परत आले तेव्हा मफलर डोळ्यांपर्यंत होता आणि चहा दोनदा मागितला. मी गच्चीत उन्हाला बसून तुझा मुकुट करते आहे. डावीकडची पाकळी उजवीपेक्षा मोठी झाली आहे. उसवणार नाही, तशीच येईल.
>
> याच गच्चीवर तुझी आई पतंग उडवायची. एकदा मांजाने तिचं बोट चांगलंच कापलं. रक्त बघून शेजारच्या काकू घाबरल्या. तुझी आई रडत होती, पण बोटासाठी नाही, पतंग कापला गेला म्हणून. तिला हे आठवतं का विचार. नाही म्हणाली तर तिच्या डाव्या हाताची तर्जनी बघ.
>
> तुझी आजी
>
> (आबांचं:) छकुली, लवकर ये. पेरूच्या झाडाला दोन पेरू राखून ठेवले आहेत. पोपट मानत नाहीत. — आबा

तिळाचा भाव मूळ पत्रात आहे, इथे गाळला. तुम्ही तुमच्या दुकानातला लिहा.

आता आई-वडिलांचं पत्र. हे लहान ठेवायचं, दहा-बारा ओळी. यात एकही सूचना नको. मालिश, टोपी, वरचं दूध, डॉक्टर, काजळ, काही नाही. सूचना द्यायच्याच असतील तर फोन आहे, तिथे त्या विसरल्या जातात; कागदावरची सूचना राहते. दुसरी गोष्ट, जावयांचं नाव फक्त मायन्यात घालून पुढे सगळं मुलीशी बोलत राहू नका. त्यांच्यासाठी निदान एक वाक्य असं हवं, जे फक्त त्यांनाच लागू पडेल. मुलाकडे पाठवत असाल तर सुनेसाठी हेच, आणि दुप्पट लक्ष देऊन. 'बाळ अगदी आमच्यावर गेलंय' हे वाक्य दोन्ही बाजूंच्या आजी-आजोबांनी टाळलेलं बरं.

> चि. सौ. ताई व श्री. जावईबापू यांस,
>
> अनेक आशीर्वाद. तिळगूळ घ्या, गोड बोला.
>
> तुमची तिघांची ही पहिली संक्रांत. ताई, तू पाठवतेस त्या व्हिडिओत बाळ पुढे असतं आणि मागे अर्धवट घडी घातलेल्या लंगोटांचा ढीग दिसतो. आम्ही दोन्ही बघतो. जावईबापू, रात्री तिला खांद्यावर घेऊन तुम्ही हॉलमध्ये फेऱ्या मारता, आणि वळताना दर वेळी हाताने तिचं डोकं सांभाळता, तेही दिसलं. आबांनी तो व्हिडिओ जपून ठेवला आहे.
>
> डब्यात दागिने आहेत. घालायचे की पाटावर नुसते मांडून फोटो काढायचा, ते तिचा त्या दिवशीचा रागरंग बघून तुम्हीच ठरवा.
>
> श्री. व्याही व सौ. विहीणबाई यांना आमचा नमस्कार आणि तिळगूळ सांगा. चंद्रकळेचं झबलं बघायची फार उत्सुकता आहे. २५ ला सकाळच्या पंचवटीने येतो.
>
> आई, बाबा

व्याही-विहिणींचा उल्लेख विसरू नका. पत्र घरात मोठ्याने वाचलं जातं, आणि ज्यांचं नाव येत नाही त्यांना ते कळतं. त्यांच्यासाठी तिळगुळाची वेगळी पुडीही बांधा.

पत्र झालं की एका बैठकीत पाकीट बंद करू नका. रात्रभर ठेवा, सकाळी वाचा, आणि 'पाहिजे', 'नको', 'करत जा' हे शब्द कुठे सापडतात का ते शोधा. सापडले तर तो कागद पुन्हा लिहा. दोन्ही पत्रांचे फोनवर फोटो काढून ठेवा, म्हणजे टपालात काही झालं तरी मजकूर हातात राहतो.

५. डबा बांधणं आणि पाठवणं

हलव्याला दमट हवा सोसत नाही. नाशिकला खडखडीत असलेला दाणा ठाण्याच्या हवेत उघडा ठेवला तर चिकट होतो. म्हणून घट्ट झाकणाचा डबा घ्या. तळाला टिश्यू, त्यावर दागिना, वर बटर पेपर, मग दुसरा दागिना. दागिने एकमेकांना लागले तर काटे झिजतात. डबा हलवून बघा. आत खुडखुड वाजलं तर आणखी टिश्यू घाला. ओल शोषणाऱ्या त्या छोट्या पुड्या घालू नका. बाळाच्या घरात त्या कुठे पडतील याचा नेम नाही.

तिळगुळाचे लाडू निराळ्या डब्यात. गुळाचा ओलावा हलव्याला लागतो.

पाठवायला स्पीड पोस्ट किंवा कुरियर. टपालात आता पूर्वीसारखं वेगळं रजिस्टर नाही, २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच मिसळलं आहे, तेव्हा खिडकीवर 'रजिस्टर करायचंय' म्हणून वाद घालू नका. नाशिक-ठाणे हे अंतर लहान असलं तरी संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात धरून चालू नका. ५-६ जानेवारीपर्यंत पाठवून मोकळं व्हा. पाकिटात नोटा घालायच्या नाहीत. बाळाच्या हातावर ठेवायचे पैसे प्रत्यक्ष भेटीत द्या, नाहीतर मुलीच्या खात्यावर पाठवा. ओळखीचं कोणी रेल्वेने जाणारं असेल तर डबा त्यांच्या हाती देणं सगळ्यात चांगलं. दागिने मांडीवर बसून जातात.

६. संक्रांतीची सकाळ आणि बोरन्हाण

संक्रांतीला फोन करायची घाई करू नका. आदल्या दिवशी विचारा, "उद्या कधी बोलायचं?" आम्हाला साडेअकराची वेळ मिळाली, अंघोळ आणि पहिली झोप झाल्यावरची. पत्र त्यांनी आमच्यासमोरच उघडलं. मुलीने बोट कॅमेऱ्यापुढे धरलं. खूण अजून आहे.

फोनवर एक मोह होतो: "तिच्या जिभेला जरा तिळगूळ लाव ना." लावायला सांगू नका. सहा महिन्यांच्या आत बाळाला दुधाशिवाय काही देत नाहीत, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. तिळगूळ आई-बाबांनी खायचा.

बोरन्हाणाला गेल्यावर आजी-आजोबांच्या हाती एक काम असतं, ते म्हणजे डोक्यावरून काय पडतंय ते बघणं. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या, हलवा असं सगळं लागतं, आणि जमलेली पोरं उत्साहाने मूठ भरून वरून सोडतात. आम्ही दोन वाट्या केल्या. डोक्यावरून ओतायच्या वाटीत चुरमुरे आणि चार-दोन लहान बोरं. बाकी सगळं दुसऱ्या वाटीत, ते बाळाच्या पाटाभोवती टाकायचं. आत्याने मांडीवर घेतलं, तळहात बाळाच्या कपाळावर आडवा धरला, म्हणजे डोळ्यांत काही जाऊ नये. नाशिकहून येताना द्राक्षं आणण्याचा मोह आपल्याला होतोच. मोठ्यांसाठी आणा, पण वाटीत घालू नका. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकतं. शेंगदाणे-फुटाण्यांचंही तेच, आणि हे तिथे लुटायला आलेल्या दोन-तीन वर्षांच्या पोरांनाही लागू आहे.

दागिने आधी घाला, फोटो काढा, मग उतरवा आणि त्यानंतर ओतायला घ्या. आमच्या छकुलीने मुकुट किती वेळ ठेवला? फोटोग्राफर मामाने दोनदा क्लिक करेपर्यंत. तिसऱ्या फोटोत तो तिच्या मुठीत आहे आणि मोठी पाकळी तोंडाकडे निघाली आहे. वेल्क्रो असल्याने ओढताच निघाला. सगळं झालं की बाळाला आतल्या खोलीत न्या आणि खोली नीट झाडून होईपर्यंत बाहेर आणू नका. सतरंजी उचलून झटका, तिच्या खाली दाणे राहतात.

दागिने परत त्याच डब्यात, बटर पेपरसकट. पुढच्या वर्षी ते होणार नाहीत, डोकं तेवढ्यात बरंच वाढतं, पण पट्टीला दोन इंचांचा जोड देता येतो. हलव्याला मुंग्या लागतात, त्यामुळे डबा कपड्यांच्या कपाटात ठेवायचा असेल तर झाकणाभोवती चिकटपट्टी फिरवा. पत्राचं पाकीट डब्यात ठेवू नका, साखरेचा ओशटपणा कागदाला लागतो. ते बाळाच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवायला सांगा. ती फाइल घर बदललं तरी हरवत नाही.